काचेची बाटली कापताना काच काचच राहावी म्हणून

प्रश्न: मी सोलापुरात डिझाइनचं काम करतो. डाळिंबाच्या सरबताची काचेची बाटली आणि शेजारी वाइन ग्लास, असे फोटो पांढऱ्या बॅकग्राउंडवर काढलेत. ते मरून रंगाच्या सोलापुरी चादरीच्या फोटोवर ठेवायचेत. पेन टूलने कापलं की ग्लासात पांढरं तसंच राहतं. ऑपॅसिटी कमी केली तर लेबल फिकं होतं आणि ग्लासवरची चमक जाते. अर्धवट पारदर्शक काच नीट कापायची कशी?

उत्तर: पेन टूल फक्त बाहेरच्या कडेपुरतं वापरा. आतली काच कापायची नसते, मोजायची असते. आणि त्यासाठी एक फोटो पुरत नाही, दोन लागतात: एक पांढऱ्यावर, एक काळ्यावर, बाकी काही न हलवता. पार्टी गावातलीच असेल तर बाटली आणि ग्लास पुन्हा मागवा आणि तासभर काढून परत शूट करा. आहे त्या एका फोटोवर दोन दिवस घासत बसण्यापेक्षा ते स्वस्त पडतं. बाटली मिळणारच नसेल तर काय, तेही पुढे लिहिलंय; पण ती तडजोड आहे.

एक फोटो का पुरत नाही ते आधी बघू. काचेच्या कुठल्याही ठिपक्यातून कॅमेऱ्यात दोन प्रकारचा उजेड येतो. एक मागून आरपार आलेला, दुसरा काचेवरून परावर्तित झालेला, म्हणजे काचेचा स्वतःचा. फोटोत या दोन्हींची फक्त बेरीज नोंदली जाते. बेरीज २०८ आली तर त्यातले आरपारचे किती आणि चमकेचे किती, हे नुसत्या २०८ वरून कोणीही सांगू शकत नाही. मागे काळं लावलं की आरपार यायला काही उरत नाही, म्हणून काळ्यावरच्या फोटोत फक्त काचेचा स्वतःचा उजेड दिसतो. पांढऱ्यावरच्या फोटोतून काळ्यावरचा वजा केला की राहतो तो निव्वळ आरपारचा. ॲल्व्ही रे स्मिथ आणि जेम्स ब्लिन यांनी १९९६ साली निळ्या पडद्यावरच्या शूटिंगबद्दल जो शोधनिबंध लिहिला, त्यात हे गणित रीतसर मांडलंय: एका रंगाच्या बॅकग्राउंडवर उत्तर एकच असं निघत नाही, दोन वेगळ्या बॅकग्राउंडवर निघतं.

तुमच्या फोटोतली चमक का गेली, त्याचं कारणही यातच आहे. पांढऱ्यावर पांढरी चमक म्हणजे २३० च्या शेजारी २५०. डोळ्याला ती जेमतेम दिसते आणि मास्क करताना ती बॅकग्राउंडबरोबर उडते. काळ्यावर तीच चमक १८० असते आणि आजूबाजूला सगळं दहा-पंधरा. तिथे ती कोणालाही सापडेल.

आता शूटिंग. ट्रायपॉड, मॅन्युअल एक्स्पोजर, मॅन्युअल व्हाइट बॅलन्स, मॅन्युअल फोकस आणि दोन सेकंदांचा टायमर. मोबाइलवर काढणार असाल तर प्रो मोडमध्ये सगळं लॉक करा आणि एचडीआर बंद करा. नाहीतर मोबाइल दोन्ही फोटोंवर आपापली वेगळी प्रक्रिया करतो आणि वजाबाकीला काही अर्थ राहत नाही. रॉ फाइल काढली तर दोन्हींना एकच सेटिंग लावून १६ बिटमध्ये उघडा.

बॅकग्राउंड बदलायची पद्धत माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची. बरेच जण पांढरा थर्माकोल आणि काळी मखमल वापरतात. मखमलच घ्या, काळा कार्डपेपर नको. कार्डपेपर उजेड परत फेकतो आणि फोटोत करडा येतो. चाटी गल्लीत मीटरभर घेतली तरी काम भागतं. दोन्ही बोर्ड एकाच मापाचे हवेत आणि एकाच जागी उभे राहायला हवेत. बाटलीची कड मागच्या उजेडाला बाजूने वळवून आणते, म्हणून पांढरा बोर्ड मोठा आणि काळा लहान असेल तर कडेचा हिशेब चुकतो. पांढऱ्या बोर्डावर मारलेला लाइट काळ्याच्या वेळीही चालूच ठेवा. तो बंद केलात तर त्याचा जो थोडा उजेड समोरून काचेवर पडत होता तोही जातो, आणि तुम्ही एकाऐवजी दोन गोष्टी बदलता.

पण मला स्वतःला बोर्डापेक्षा टीव्ही आवडतो. ३२ इंची टीव्ही बाटलीच्या मागे दोन-अडीच फुटांवर ठेवायचा, पेन ड्राइव्हवर एक शुद्ध पांढरी आणि एक शुद्ध काळी इमेज टाकायची आणि रिमोटने बदलायचं. टेबलाला हात लागत नाही, बोर्ड उचलताना ग्लास हलत नाही. टीव्हीची ऑटो ब्राइटनेस बंद करा, खोलीतल्या खिडक्या झाका, शटर १/१० सेकंद किंवा त्याहून सावकाश ठेवा म्हणजे पडद्यावर पट्टे येणार नाहीत. टीव्हीचा काळा मखमलीइतका काळा नसतो, पण तो दोन्ही वेळी सारखाच वागतो, आणि हिशेबाला तेवढं पुरतं. दुपारी खिडकीच्या उजेडात हे करू नका. आपल्याकडचं ऊन एक ढग आडवा आला की बदलतं, आणि दोन फोटोंमध्ये अर्धा मिनिट गेला तरी फरक पडतो.

बाटली टेबलावर ठेवली की तिच्या बुडातून टेबल दिसतं, आणि टेबल तर दोन्ही फोटोंत तेच. मग हिशेब म्हणतो की बूड अपारदर्शक आहे. म्हणून बाटली तिच्या बुडापेक्षा बारीक ठोकळ्यावर ठेवायची, कॅमेरा थोडा खाली घ्यायचा, म्हणजे बुडाच्या मागे बॅकग्राउंडच येतं. वाइन ग्लासचं पाऊल पातळ आणि पसरट असतं. त्याला मधोमध छोट्या उंचवट्यावर डिंकासारख्या चिकट गोळ्याने टेकवलं तर बरं पडतं. खालची सावली नंतर वेगळी करायची. या फोटोतून ती मिळवायला जाऊ नका.

एक्स्पोजर असं ठेवा की पांढरं बॅकग्राउंड २५५ ला न भिडता २३० च्या आसपास राहील. त्यावर चमक पडली की आकडा वर जायला जागा हवी. २५५ ला जाऊन ठोकला की त्या ठिकाणची बेरीज कापली जाते आणि वजाबाकी खोटी येते.

आता आकड्यांत बघू, म्हणजे पुढे लेयर लावताना आपण काय करतोय ते कळेल. समजा पांढरं बॅकग्राउंड २३० आलं आणि काळं ६. दोन्हींतला फरक २२४. म्हणजे जिथे काहीच नाही तिथे फरक २२४, आणि जिथे पूर्ण अपारदर्शक आहे तिथे फरक शून्य. मधलं सगळं याच मापात:

```
आरपार = (पांढऱ्यावर − काळ्यावर) ÷ २२४
अपारदर्शकता = १ − आरपार
```

ग्लासच्या रिकाम्या पोटात पांढऱ्यावर २०८, काळ्यावर १४. फरक १९४, म्हणजे ८७ टक्के आरपार. अपारदर्शकता १३ टक्के. ग्लासच्या कडेला पांढऱ्यावर ७०, काळ्यावर ५०. फरक फक्त २०, म्हणजे कड ९१ टक्के अपारदर्शक. आणि चमकेच्या पट्टीवर पांढऱ्यावर २५०, काळ्यावर १८०. फरक ७०, म्हणजे अपारदर्शकता ६९ टक्के, आणि तिचा रंग काढला (१८० ला ०.६९ ने भागून) तर तो २५५ च्या घरात येतो, म्हणजे पांढरा. बघा, चमक जागच्या जागी परत आली, आणि तीही अंदाजाने ब्रश न मारता. लेबलावर दोन्ही फोटोंत आकडा तोच, फरक शून्य, म्हणून लेबल आपोआप शंभर टक्के घट्ट. तुमची ऑपॅसिटीवाली अडचण इथे सुटते: ऑपॅसिटीचा स्लायडर साऱ्या बाटलीला एकच आकडा देतो आणि काचेला तर प्रत्येक ठिपक्याला वेगळा हवा असतो.

फोटोशॉपमध्ये हे करायला `File > Scripts > Load Files into Stack` ने दोन्ही फोटो एकाच फाइलमध्ये घ्या. काळ्यावरचा वर, पांढऱ्यावरचा खाली. काळ्याचा ब्लेंडिंग मोड `Difference` करा. लगेच झूम करून लेबलावरची अक्षरं बघा. लेबल काळंकुट्ट दिसलं तर दोन्ही फोटो बरोबर बसलेत. अक्षरांच्या कडेला उजळ रेघ दिसली तर कॅमेरा किंवा बाटली हलली आहे. मूव्ह टूल घेऊन बाणाच्या कीने एकेक पिक्सेल सरकवा आणि अक्षरं बुजेपर्यंत थांबू नका. `Auto-Align Layers` वर मी इथे विसंबत नाही. फोटोचा मोठा भाग पांढरा विरुद्ध काळा असल्यामुळे त्याला जुळवायला धड खुणा मिळत नाहीत. एक पिक्सेल घसरला तरी कडेला दुहेरी रेघ येते, आणि गडद मरूनवर ती लांबूनही दिसते.

बसलं की `Ctrl+Alt+Shift+E` ने दिसतंय त्याचा नवा लेयर बनवा. त्याला ‘आरपार’ असं नाव देऊन टाका. त्यावर `Levels` उघडून पांढऱ्या ड्रॉपरने बॅकग्राउंडच्या मोकळ्या जागी क्लिक करा. २२४ चं २५५ होतं आणि टीव्हीचा निळसर टोनही तिन्ही चॅनेलमधून निघून जातो. हे `Levels` मूळ फोटोंवर आधी लावू नका, फरक काढल्यानंतरच लावा. आधी लावलं तर पांढऱ्यावरची चमक २५५ ला कापली जाते.

आता दोन वाटा आहेत, आणि कोणती घ्यायची ते फाइल कुठे जाणार यावर ठरतं.

चादरीवरचं चित्र तुम्हीच पूर्ण करून देणार असाल, म्हणजे पीएसडीतच काम संपणार असेल, तर मास्कची गरजच नाही. सगळ्यात खाली चादर. तिच्यावर ‘आरपार’ लेयर, मोड `Multiply`. त्याच्यावर काळ्यावरचा मूळ फोटो, मोड `Linear Dodge (Add)`. झालं. `Multiply` चादरीचा उजेड काचेतून जितका गेला असता तितकाच जाऊ देतो, आणि वरचा लेयर काचेची स्वतःची चमक त्यात मिळवतो. मघाशी जी बेरीज आपण फोडली, तीच इथे नव्या बॅकग्राउंडवर परत मांडली जाते. मखमलीचे ते ६ चादरीवर धुक्यासारखे चढू नयेत म्हणून काळ्या फोटोला `Levels` मध्ये काळ्या टोकाला ६ द्या. दोन्ही लेयर एका ग्रुपमध्ये घ्या, ग्रुपचा मोड `Pass Through` राहू द्या, आणि पेन टूलने बाटली-ग्लासची बाहेरची कड काढून तो मास्क ग्रुपला लावा. पेन टूलचं काम एवढंच. पाथ काचेच्या कडेपासून दोन-तीन पिक्सेल बाहेरून गेला तरी काही बिघडत नाही, कारण तिथे आरपार शंभर टक्केच आहे. मूळ फोटोवर केसाएवढा अचूक पाथ काढत बसायची जी सवय असते, ती इथे सोडता येते.

दुसरी वाट पीएनजीची: वेबसाइटवाल्याला सुटी बाटली हवी असते आणि तो ती कशावरही ठेवणार असतो. त्यासाठी ‘आरपार’ लेयर ग्रे करून उलटा करा (`Ctrl+I`), कॉपी करा, काळ्यावरच्या फोटोला लेयर मास्क द्या, `Alt` दाबून मास्कवर क्लिक करा आणि पेस्ट करा. आता काच पारदर्शक झाली, पण काळवंडलेली दिसेल. कारण काळ्यावरच्या फोटोतला रंग आधीच काळ्यात मिसळलेला आहे आणि मास्कने तो पुन्हा पातळ झाला. मास्क `Apply Layer Mask` ने लेयरमध्ये मुरवा आणि `Layer > Matting > Remove Black Matte` चालवा. मघाशी आपण १८० ला ०.६९ ने भागलं, तेच काम ही कमांड प्रत्येक ठिपक्याला करते. काळवंड जाते, चमक पांढरी होते. मग लेबल आणि झाकणाकडे एकदा बघा. मागून जोरात उजेड आला की कागदी लेबलही किंचित उजळतं, आणि मास्कमध्ये ते ९६-९७ टक्के येतं. तिथे मास्क मुरवण्याआधीच पांढऱ्या ब्रशने भरून घ्या.

इथवर साध्या पांढऱ्या काचेचं झालं. डाळिंबाच्या सरबताला मात्र पीएनजीत हे जसंच्या तसं चालत नाही, आणि बहुतेकांचं काम इथेच फसतं. सरबताच्या एका ठिपक्याचे आकडे घ्या. पांढऱ्यावर लाल १७०, हिरवा २०, निळा ४०. काळ्यावर १२, ४, ५. फरक १५८, १६, ३५. म्हणजे लाल उजेड ७१ टक्के आरपार जातो, हिरवा जेमतेम ७, निळा १६. एकाच ठिपक्याची अपारदर्शकता तीन रंगांना तीन वेगळी: २९, ९३ आणि ८४ टक्के. पीएनजीत मात्र एका ठिपक्याला एकच आकडा ठेवायची सोय आहे. तुम्ही ‘आरपार’ ग्रे केला की तिन्हींची, पण हिरव्याला जास्त वजन देणारी सरासरी लागते, साधारण ७३ टक्के. रंग काळ्या फोटोतून घेतलात तर तिथे लाल आहेच कुठे? १२, ४, ५ म्हणजे जवळजवळ काळा. परिणाम असा की पांढऱ्या पानावर ठेवलं की सरबत राखाडी पाण्यासारखं दिसतं.

यावर उपाय असा की द्रवाच्या भागापुरता मास्क ग्रेवरून न घेता सगळ्यात गडद चॅनेलवरून घ्यायचा. लाल द्रवाला तो हिरवा असतो. `Channels` पॅनेलमध्ये ‘आरपार’ लेयरचा हिरवा चॅनेल बघून खात्री करा. अपारदर्शकता ९३ टक्के येते. आणि रंग काळ्या फोटोतून नव्हे, पांढऱ्यावरच्या फोटोतून घ्यायचा. त्या तुकड्याला मास्क मुरवून `Remove White Matte`. हिशेब केला तर रंग येतो साधारण १६५, ४, २६, म्हणजे अस्सल डाळिंबी. साध्या काचेचा रंग काळ्यावरून, रंगीत द्रवाचा पांढऱ्यावरून, एवढं लक्षात ठेवलं की पुरे. दोन तुकडे द्रवाच्या पातळीच्या रेषेवर जोडताना मास्कला एक-दीड पिक्सेल फेदर द्या. हिरव्या बाटलीला हेच उलटं होतं: तिथे लाल किंवा निळ्यातला जो गडद तो चॅनेल.

`Multiply` आणि `Linear Dodge (Add)` वाल्या पीएसडीला हा त्रास नाही, कारण तिथे ‘आरपार’ लेयर रंगीतच राहतो आणि तिन्ही आकडे वेगवेगळे सांभाळतो. तुमचं काम चादरीवर ठेवून द्यायचंच आहे, तेव्हा मी तुमच्या जागी पहिलीच वाट धरेन आणि पीएनजीच्या फंदात पडणार नाही.

तपासायचं कसं? खाली चार बॅकग्राउंड आलटून पालटून ठेवा: पांढरं, काळं, मधला राखाडी आणि एखादा भडक रंग. पांढऱ्यावर कडेला काळी रेघ दिसली तर काळा पुरता निघालेला नाही. काळ्यावर पांढरी झालर दिसली तर फोटो सरकलेत किंवा चमक कापली गेली आहे. पांढरं आणि काळं दोन्हीवर छान, पण राखाडीवर काच जरा दुधी वाटली तर ती तुमची चूक नाही. फोटोतले आकडे उजेडाच्या सरळ प्रमाणात नसतात. गॅमामुळे ते वाकवलेले असतात आणि वाकवलेल्या आकड्यांची बेरीज-वजाबाकी मधल्या टोनला थोडी चुकते. नुसत्या आरपार काचेला हे जवळजवळ जाणवत नाही. चमक जास्त असेल तिथे जाणवतं. फारच खटकलं तर दोन्ही फोटो घेतल्याबरोबर `Image > Mode > 32 Bits/Channel` करा आणि मग फरक काढा. तिथे हिशेब सरळ उजेडात होतो आणि `Difference`, `Multiply`, `Linear Dodge (Add)` हे तिन्ही मोड चालतात. पण गडद मरूनवर फ्लेक्स जाणार असेल तर एवढं करायची गरज मला वाटत नाही.

बाटली परत मिळत नसेल, तर हातातल्या एका पांढऱ्या फोटोवर असं करा. लेयर `Multiply` करून चादरीवर ठेवा. काचेचा गडदपणा, कडा आणि सरबताचा रंग बरोबर उतरतो. पांढरं २५५ असेल तर आपोआप गायब होतं, कमी असेल तर या कॉपीला `Levels` ने २५५ वर आणा. त्याच फोटोची दुसरी कॉपी `Normal` मध्ये वर घ्या आणि तिला फक्त लेबल आणि झाकणाचा मास्क द्या, म्हणजे ते घट्ट राहतात. उरते चमक. ती मूळ फोटोत जवळजवळ नाहीच, म्हणून तिसऱ्या `Screen` लेयरवर हाताने काढायची: पेन टूलने पट्टीचा आकार, पांढरा रंग, एका बाजूला कडक कड आणि दुसऱ्या बाजूला फेदर, ऑपॅसिटी साठ-सत्तर. मूळ फोटोत बॅकग्राउंड २५५ नसून २३०-२४० असेल तर अगदी फिकी पट्टी दिसते. `Curves` ओढून तिची जागा शोधा आणि तिच्यावरच गिरवा, मनाने नवीन जागी नको. सुटी फाइल हवी असेल तर जिंपमध्ये `Colors > Color to Alpha` हेच काम पांढरा रंग निवडून करतं, रंगही स्वच्छ काढतं. पण लेबलावरचं पांढरंही ते खाऊन टाकतं आणि चमकही नेते. लेबल परत बसवावं लागतं. मोठ्या कॅटलॉगला ही पद्धत मी सुचवणार नाही, इन्स्टाच्या पोस्टला चालून जाते.

आता चादरीबद्दल, कारण तिथे एक वेगळी अडचण आहे जी कुठल्याही मास्कने सुटत नाही. वर केलेला सगळा हिशेब मागचा उजेड काचेतून सरळ येतो असं धरून चालतो. काच मात्र उजेड वळवते. पाण्याने भरलेली गोल बाटली भिंगासारखी वागते आणि मागचं दृश्य डावं-उजवं उलटं करते. भरलेला वाइन ग्लास तर वर-खालीही उलटं करतो. मागे सपाट मरून रंग असेल तर कोणाला काही कळत नाही. पण सोलापुरी चादरीवर भौमितिक नक्षी आणि सरळ पट्टे असतात, आणि पट्टा ग्लासमधून जराही न वाकता सरळ गेला की बघणाऱ्याला कारण सांगता आलं नाही तरी ते चित्र खोटं वाटतं.

तुमच्या सरबतातून हिरवा आणि निळा उजेड फारसा येत नाही, पण लाल ७१ टक्के येतो, त्यामुळे भरलेल्या भागातूनही नक्षी लालसर दिसते. आधी ग्लासचा रिकामा वरचा भाग आणि बाटलीची मान बघू. रिकाम्या पातळ ग्लासच्या मधोमध मागचं दृश्य जवळजवळ सरळच दिसतं, फक्त कडेच्या आत बोटभर पट्ट्यात ते दाबलं जातं. तेवढ्यासाठी चादरीची कॉपी घ्या, ती ग्लासच्या आकारात मास्क करा, आणि `Filter > Liquify` मध्ये मोठ्या ब्रशने कडेजवळचे पट्टे कडेच्या दिशेने थोडे ओढा. नंतर त्या कॉपीला एक-दोन पिक्सेल `Gaussian Blur`. ही कॉपी ‘आरपार’ लेयरच्या खाली आणि मूळ चादरीच्या वर. बाटलीतल्या सरबतासाठी चादरीची आणखी एक कॉपी `Flip Horizontal` करून, आडवी दाबून, द्रवाच्या भागापुरती लावा. ग्लासच्या दांडीत मात्र काहीच करू नका. ती भरीव असते, तिच्यातून नक्षी ओळखूच येत नाही. चादरीचा सरासरी मरून तिथे ब्रशने भरून टाकला तरी खरं वाटतं. आणखी सोपं हवं असेल तर आख्खी चादरच थोडी ब्लर करा. फोटोत तसंही फोकस बाटलीवर असतो, मागचं धूसर असणं स्वाभाविक दिसतं, आणि वळणाचा प्रश्न निम्मा होतो.

सावली चादरीवर `Multiply` लेयरवर करा, पण काळ्या रंगाने नको. काचेची सावली मधून फिकी आणि कडेला गडद असते, आणि सरबताच्या सावलीत लाल उजेड सांडलेला असतो. गडद मरूनने सावली, मध्ये एक छोटा लालसर ठिपका `Linear Dodge (Add)` मध्ये वीसेक टक्क्यांवर. चादर जाड असते, म्हणून बूड तिच्यात किंचित रुतल्यासारखं दिसायला हवं. बुडाला लागूनची सावली अरुंद आणि घट्ट ठेवा.

फाइल पाठवताना एक सांभाळा. पीएनजी व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवली की तिची जेपीजी होते आणि पारदर्शकता जाते, कारण जेपीजीत ती ठेवायची सोयच नाही. पार्टी मग फोन करून विचारते की मागे काळं का आलं. डॉक्युमेंट म्हणून पाठवा. सेव्ह करताना पीएनजी-२४ आणि ट्रान्सपरन्सीची खूण. पीएनजी-८ किंवा जीआयएफ नको, जीआयएफमध्ये ठिपका एकतर आहे किंवा नाही, मधलं काही नसतं, आणि १३ टक्क्यांची काच तिथे टिकत नाही. फ्लेक्सवाल्याला तर सुटी बाटली देऊच नका. त्याच्या मशीनच्या सॉफ्टवेअरमध्ये `Linear Dodge (Add)` कसा उघडेल याचा भरवसा नसतो. चादरीसकट सगळं फ्लॅटन करून टिफ द्या, आणि लेयरवाली पीएसडी स्वतःकडे ठेवा. पार्टी उद्या पांढऱ्या बॅकग्राउंडवर मागेल, तेव्हा फक्त सगळ्यात खालचा लेयर बदलायचा आहे.